आरसीए लिहिताना: बिलांचे क्रमांक मधूनच का तुटले?

इंदूरमधील एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीत मी ग्राहक-साहाय्य विभाग सांभाळतो. सेवा बंद पडली की मूळ कारणाचा अहवाल, म्हणजेच आरसीए, ग्राहकांना पाठवावा लागतो. या विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी एकच प्रकरण येथे सविस्तर मांडतो.

एका गुरुवारी भर बाजाराच्या वेळी सियागंजातील आमच्या घाऊक व्यापाऱ्यांची बिले निघणे थांबले. आमचा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल आहे. प्रत्येक बदल तो आधी वॉल नावाच्या नोंद-फायलींत लिहितो आणि त्या फायली जुन्या झाल्या की स्वतःच काढून टाकतो. परंतु एखाद्या राखीव सर्व्हरसाठी रेप्लिकेशन स्लॉट ठेवलेला असेल, तर त्या सर्व्हरने नोंदी उचलेपर्यंत त्या जपून ठेवतो. आमचा एक राखीव सर्व्हर बारा दिवसांपूर्वी कायमचा बंद केला होता आणि त्याचा स्लॉट मात्र तसाच राहिला होता. नोंदी साचत गेल्या, डिस्क भरली आणि डेटाबेस बंद पडला.

घटनाक्रम लिहिताना पहिली ओळ ग्राहकाच्या फोनची नसावी. ती राखीव सर्व्हर काढल्याच्या दिवसाची असावी, कारण बिघाड तेथेच सुरू झाला. त्यानंतर 11:38 ला डेटाबेस बंद, 11:42 ला पहिला फोन, 11:50 ला कारण सापडले, 12:31 ला डिस्क वाढवून डेटाबेस पुन्हा चालू आणि 12:40 ला बिले सुरू, असा क्रम आला. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र 06:08 अशी वेळ दिसते, कारण तो यूटीसीवर चालतो. प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवूनच ती अहवालात लिहावी. सेवा बंद असल्याचा अवधी 11:38 पासून, म्हणजे 62 मिनिटे धरावा. आम्हाला कळले तेव्हापासून मोजलेला अवधी ग्राहकाला पटत नाही, आणि पटूही नये.

‘कर्मचाऱ्याच्या हातून राहून गेले’ हे वाक्य मी कारण म्हणून लिहू देत नाही. सर्व्हर काढण्याच्या आमच्या कार्यपद्धतीत स्लॉट काढण्याची पायरीच नव्हती आणि डिस्कचा इशारा मुख्य डिस्कवर लावलेला होता, वॉलच्या स्वतंत्र डिस्कवर नव्हता. ही दोन कारणे दुरुस्त करता येतात. दुरुस्तीच्या भागात हेही स्पष्ट लिहिले, की वॉलच्या फायली हाताने पुसल्या नाहीत. तसे केले असते तर जागा लगेच झाली असती, पण डेटाबेस सुस्थितीत परत येण्याची खात्री उरली नसती. म्हणून आधी जागा वाढवली, डेटाबेस सुरू केला आणि मगच तो स्लॉट काढला.

ग्राहकाला खरी चिंता वेगळीच असते. एका पेढीच्या मुनीमजींनी फोनवर विचारले, “साहेब, 4118 नंतर थेट 4140 आले. मधली बिले गेली कुठे?” जीएसटी नियम 46 प्रमाणे बीजकांचे अनुक्रमांक सलग असावे लागतात, त्यामुळे हा प्रश्न रास्त होता. पोस्टग्रेसक्यूएलचा क्रमांक देणारा घटक, सीक्वेन्स, वेग राखण्यासाठी 32 क्रमांक पुढची नोंद आधीच वॉलमध्ये करतो. डेटाबेस अचानक बंद पडला तर त्यांतले न वापरलेले क्रमांक सुटतात. म्हणजे 4119 ते 4139 ही बिले हरवली नव्हती, ती कधी तयारच झाली नव्हती. हे प्रत्येक ग्राहकाच्या तक्त्याशी ताडून पाहिले आणि त्याच्या सीएला दाखवता येईल असे, सुटलेल्या क्रमांकांच्या यादीसह, वेगळे पत्र दिले. माझ्या मते त्या अहवालाचा सर्वांत उपयोगी कागद तोच होता.

पुढील उपायांत ‘असे पुन्हा होणार नाही’ असे लिहू नये. प्रत्येक उपायासमोर जबाबदार व्यक्तीचे पद आणि पूर्ण होण्याची तारीख द्यावी. आम्ही `max_slot_wal_keep_size` ही मर्यादा घातली, जी आवृत्ती 13 पासून उपलब्ध आहे आणि मुळात अमर्याद असते. तिची किंमतही सांगितली: एखादा चालू राखीव सर्व्हर फार मागे पडला, तर त्याचा स्लॉट रद्द होऊन तो सर्व्हर नव्याने उभारावा लागू शकतो. बिलांचे क्रमांक सीक्वेन्सऐवजी एका तक्त्यातून घेण्याचे ठरवले, ज्यातला आकडा बिल नोंदवणाऱ्या डेटाबेस-व्यवहारातच वाढतो. त्याने नोंद किंचित मंदावते, पण क्रमांक तुटत नाहीत. आता दर सकाळी पुढील तपासणी आपोआप चालते आणि एखादी जरी ओळ निघाली तरी ड्यूटीवरच्या अभियंत्याला फोन जातो:

```
SELECT slot_name, restart_lsn
FROM pg_replication_slots
WHERE NOT active;
```

ठरलेल्या तारखेनंतर या तपासणीचा पहिला निकाल आम्ही ग्राहकांना पुरवणी पत्रासोबत पाठवला.