गावातल्या जुन्या माणसाला आठवणी रेकॉर्ड करायची परवानगी मागणारं पत्र कसं लिहायचं

माझं काम कोयना धरणात गावं गेलेल्या लोकांच्या आठवणी गोळा करायचं. साठच्या दशकात शिवसागर जलाशय भरायला लागला आणि जावळी-पाटणकडची माणसं उठून रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी कुठेकुठे जाऊन वसली, त्यावेळी जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. अशा माणसाला पत्र लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते सांगतो. दुसऱ्या कुठल्या विषयावर काम करत असाल तरी पत्राचा सांगाडा हाच राहील, तपशील तेवढे बदला.

माझं पहिलं पत्र सपशेल फसलं होतं. दोन पानी, टाइप केलेलं, वर संस्थेचं नाव आणि जावक क्रमांक, आत "सदर संशोधन प्रकल्पांतर्गत" वगैरे. वसाहतीतल्या एका आजोबांना त्यांच्या नातवाने ते वाचून दाखवलं, मी समोरच बसलेलो, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग जमिनीचं काय झालं?" त्यांना वाटलं पुनर्वसन खात्याचा माणूस आला. चूक त्यांची नव्हतीच, आयुष्यभर त्यांच्याकडे असा कागद सरकारकडूनच आलेला.

म्हणून पहिली पायरी, पत्राच्या आधी एकदा नुसते जाऊन या, रेकॉर्डर न घेता. गावातलं कोणीतरी ओळखीचं सोबत असू दे. चहा घ्या, विचारा काही नका, फक्त "पुढच्या आठवड्यात चिठ्ठी पाठवतो, घरात सगळ्यांना वाचून दाखवा" एवढं सांगून निघा. आणि घरात मोठ्याने कोण वाचतं तेही बघून ठेवा, कारण पत्र वाचलं जाणार नाहीये, ऐकलं जाणार आहे. त्यामुळे एकच पान, अक्षर मोठं (मी १६ पॉइंट ठेवतो), वाक्यं एका दमात म्हणता येतील एवढी. लिहून झालं की स्वतः मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे नातवाचीही अडखळणार.

मायन्याचं म्हणाल तर "तीर्थरूप" नको, ते घरच्यांसाठी. "महोदय" तर नकोच, परत तेच सरकारी. गावात त्यांना तात्या म्हणत असतील तर "आदरणीय तात्या यांस, सा. न. वि. वि." पुरे.

मग मजकूर. माझं आत्ताचं पत्र साधारण असं असतं:

"आदरणीय तात्या यांस,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुतण्यासोबत घरी येऊन गेलो तो मी. मी पुण्याच्या विद्यापीठात शिकतो. मी सरकारी माणूस नाही. माझ्याशी बोलल्यामुळे जमीन, दाखला किंवा भरपाई मिळणार नाही, आणि जे मिळालंय ते जाणारही नाही.

तुमचं जुनं गाव पाण्याखाली जायच्या आधी कसं होतं, तिथून निघालात तो दिवस, देव कसा आणला आणि इथला पहिला पावसाळा कसा काढला, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. दोन वेळा येईन, दर वेळी तासभर. तुम्ही दमलात की थांबू.

बोलणं एका छोट्या मशीनवर रेकॉर्ड करीन. नंतर ते ऐकून, तुम्ही जसं बोललात तसंच शब्दाला शब्द कागदावर उतरवीन. तो कागद आधी तुम्हाला वाचून दाखवीन. जे नको वाटेल ते तुमच्यासमोर खोडू, रेकॉर्डिंगमधूनही काढू. तोपर्यंत तो दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही.

तुमचं नाव घालायचं की नाही ते तुम्ही सांगाल तसं. रेकॉर्डिंगची एक प्रत तुमच्या घरी देईन. दिवाळीपर्यंत कधीही नको म्हणालात तर सगळं पुसून टाकीन. नाही म्हणालात तरी माझा राग नाही.

आपला नम्र,"

खाली नाव, फोन नंबर आणि माझ्या गाइडचाही नंबर, म्हणजे माझ्याबद्दल तक्रार असेल तर माझ्याकडेच करायची वेळ येऊ नये.

यात "सरकारी नाही" हे दुसऱ्या-तिसऱ्याच ओळीला येतं ते मुद्दाम. "भरपाई मिळणार नाही" लिहिताना हात जड होतो, वाटतं आता हे नाहीच म्हणतील. पण ती आशा ठेवून माणूस बोलला तर सगळं बोलणं अर्जासारखं होतं, किती एकर गेली, किती पैसे आले नाहीत, आणि गाव कसं होतं ते राहूनच जातं. जमिनीचं दुखणं बोलू नये असं नाही हं, ते बोलणारच, फक्त तुम्ही ते सोडवणार आहात असं वाटून नको.

"शब्दाला शब्द" हेही स्पष्टच लिहा. रेकॉर्डिंग म्हटलं की लोकांना आवाज किंवा व्हिडिओ एवढंच डोळ्यासमोर येतं, आपलं बोलणं छापल्यासारखं कागदावर येईल हे येत नाही. एका घरात मी "व्हतं", "आमास्नी" असं होतं तसं लिहून नेलं, आजोबा खूश, पण मुलगा चिडला, म्हणाला वडलांना अडाणी दाखवताय. शेवटी आजोबाच म्हणाले राहू दे तसंच. हा वाद पत्रातल्या एका ओळीने आधीच होऊन जातो, नंतर झाला तर महागात पडतो, कारण तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला मला सहा-सात तास लागतात.

तारखेची मुदतही खरी ठेवा. "कधीही मागे घ्या" लिहायला बरं वाटतं पण प्रबंध छापून झाल्यावर काय पुसणार? म्हणून दिवाळी, शिमगा, गावची जत्रा अशी त्यांच्या लक्षात राहील अशी वेळ द्या. आठवणींनाही हेच लागू, सन विचारू नका, "भूकंपाच्या आधी की नंतर?" विचारा. ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट कोयनेकडच्या माणसाच्या पक्की लक्षात असते, त्याआधीच खाली आलेल्या माणसालाही बातमी कुठे कळली ते आठवतं.

सहीचं जरा जपून. विद्यापीठाच्या समितीला सही नाहीतर अंगठा लागतो, पण या लोकांनी कागदावर अंगठे देऊनच गाव सोडलंय, अंगठा म्हटलं की चेहरा बदलतो. मी समितीला आधीच विचारून तोंडी संमती मंजूर करून घेतली. मशीन चालू केलं की पहिल्यांदा पत्रातला एकेक मुद्दा विचारायचा: रेकॉर्ड करू का, लिहून काढू का, नाव घालू का, इतरांना ऐकवू का. चारही वेगवेगळे, कारण पहिल्या तीनला हो आणि चौथ्याला नको हे उत्तर बऱ्याचदा येतं.

आणि तात्यांचं हो म्हणजे वसाहतीचं हो नाही. त्यांच्यामुळे दारं उघडतात एवढंच. आतल्या खोलीतून ऐकत बसलेल्या आजींना वेगळं विचारा, शक्यतो घरातले पुरुष नसताना, आणि बाईमाणसाला सोबत नेऊन. निघताना चूल मोडली, जातं मागे राहिलं, म्हैस विकली हे मला तात्यांकडून कधी कळलं नाही, आजींकडूनच कळलं.

पत्र दिल्यावर आठ दिवस फोन करू नका. मग गेलात आणि "या की कधीपन" आलं तर दिवस ठरवून टाका. "बघू, पोराला इचारतो" आलं तर एकदाच परत जा, आणि तेव्हाही "बघू"च असेल तर ते नाही आहे, चहा घ्या आणि निघा.