कोलेस्टेरॉलची वही: निरनिराळ्या लॅबचे रिपोर्ट एका रांगेत कसे लावावेत

जून २०२३ मध्ये नाना माझ्या धाकट्या भावाकडे कॅनडात होते. तिथे त्यांनी रक्त तपासलं आणि संध्याकाळी बडोद्याला आईला फोन करून खुशीत सांगितलं, "अगं, कोलेस्टेरॉल फक्त ५.९ आलंय!" दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वर्षानुवर्षं दोनशे-सव्वादोनशेच्या गोष्टी ऐकलेल्या, त्यामुळे आईलाही हायसं वाटलं. मी वही काढून तो आकडा आपल्याकडच्या हिशेबात बसवला, तर तो २२८ निघाला. गोळी सुरू होण्याआधी, २०१९ मध्ये, नानांचं कोलेस्टेरॉल २३२ होतं. म्हणजे चार वर्षांनी ते पुन्हा तिथेच आले होते. असं का झालं, हेही वहीतूनच कळलं. अशी वही कशी ठेवायची, ते या नोंदींच्या आधारानेच सांगतो.

एक जाड वही घ्या आणि ती आडवी धरून रकाने आखा. मोबाइलवर किंवा कंप्युटरवर तक्ता केलात तरी चालेल, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतः उघडून बघता येईल असं काहीतरी असावं. एका तपासणीला एक ओळ. पहिल्या रकान्यात तारीख, आणि ती रक्त दिल्याची. रिपोर्टवर बहुतेक वेळा तीन तारखा असतात: नमुना घेतल्याची, तो लॅबला मिळाल्याची आणि रिपोर्ट छापल्याची. आपल्याला पहिली हवी, कारण औषध, ताप, उपास यांचा संबंध त्या दिवसाशी असतो. महिना अक्षरांत लिहा. परदेशातल्या रिपोर्टवरचं ०६/०७ हे सहा जुलै की सात जून, हे वर्षभरानंतर कुणालाच आठवत नाही.

मग लॅबचं नाव, आणि किती तास उपाशी होतात ते. "उपाशी" एवढंच लिहू नका. "रात्री साडेआठला जेवण, सकाळी आठला रक्त, मध्ये फक्त पाणी" असं लिहा. ट्रायग्लिसराइड जेवणानंतर बऱ्यापैकी चढतात. एलडीएल, एचडीएल आणि एकूण कोलेस्टेरॉल मात्र जेवणाने फार हलत नाहीत.

त्यापुढे चार आकडे: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, एलडीएल. रिपोर्टवर गुणोत्तरांच्या आणखी ओळी असतात, त्या सोडून द्या. पाचवा आकडा आपण काढायचा, नॉन-एचडीएल. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की झालं. हा रकाना मी आग्रहाने ठेवतो, कारण लॅब बदलली तरी सगळ्यात भरवशाची तुलना इथेच होते.

याचं कारण एलडीएलमध्ये आहे. पुष्कळ लॅब एलडीएल मोजत नाहीत, बाकीच्या तीन आकड्यांवरून काढतात. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलेलं हे सूत्र आजही सर्रास वापरात आहे:

```
LDL = TC - HDL - (TG / 5)
```

काही लॅब मात्र एलडीएल थेट मोजतात. रिपोर्टवर बारीक अक्षरांत "कॅल्क्युलेटेड" किंवा "डायरेक्ट" लिहिलेलं असतं. एलडीएलच्या आकड्याशेजारी "का" किंवा "थे" असं एक अक्षर टाका: काढलेलं की थेट. रिपोर्टवर काहीच लिहिलेलं नसेल तर सूत्राने स्वतः हिशेब करा. उत्तर तंतोतंत जुळलं तर ते काढलेलंच. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर हे सूत्र लागू पडत नाही, आणि त्याखालीही ते चढे असतील तर सूत्राने एलडीएल खरं असतं त्यापेक्षा कमी दिसू शकतं.

नानांच्या वहीत हे घडलेलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये, गोळी सुरू करून तीन महिने होत आले तेव्हा, एकूण १६८, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १५० आणि एलडीएल ९५ होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये, दिवाळीनंतर, आम्ही रावपुऱ्यातली नेहमीची लॅब सोडून घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबला बोलावलं. रिपोर्टवर एलडीएल १०६. घरात चर्चा सुरू झाली की गोळी लागू पडेनाशी झाली. वहीत ओळ लिहिताना दिसलं की हे १०६ थेट मोजलेलं आहे. त्याच रिपोर्टमधले बाकीचे आकडे, एकूण १७२, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड २४०, सूत्रात घातले तर एलडीएल ८२ येतं. एकाच बाटलीतल्या रक्ताचे दोन आकडे, आणि एकावरून वाटतं एलडीएल वाढलं, दुसऱ्यावरून वाटतं उतरलं. नॉन-एचडीएल तेव्हा १२५ होतं, आता १३०. म्हणजे त्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. खरा बदल ट्रायग्लिसराइडमध्ये होता, आणि शेवटच्या रकान्यात आईच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "दिवाळी. रोज फराळ, आदल्या रात्री बासुंदी."

आता एकक. भारतातल्या लॅब mg/dL मध्ये आकडे देतात. कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथे mmol/L असतं. बडोद्यात निम्म्या घरांतली मुलं परदेशी असताना हा प्रश्न कधी ना कधी येतोच. एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि एलडीएल यांना ३८.६७ ने गुणायचं. ट्रायग्लिसराइडला ८८.५७ ने. हे दोन वेगळे गुणक आहेत हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा. नानांचे कॅनडातले ट्रायग्लिसराइड १.९० होते. भावाने सगळ्यांना एकाच गुणकाने गुणलं आणि ७३ काढून पाठवले, खरा आकडा होता १६८. ७३ बघून मला शंका आली ती एवढ्यावरूनच की नानांच्या कुठल्याच ओळीत ट्रायग्लिसराइड १४० च्या खाली कधी आले नव्हते. वहीत मूळ आकडा मूळ एककासह लिहा आणि बदललेला आकडा त्याच्याखाली, दुसऱ्या रंगाच्या पेनाने. नुसता बदललेला आकडा ठेवला तर हिशेबातली चूक पुढे कधीच सापडणार नाही.

औषधाच्या रकान्यात ब्रँडचं नाव लिहून थांबू नका, कारण मेडिकलवाला तो नसला तर दुसरा देतो. पट्टीच्या मागे असतं ते औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहा: "अॅटोर्व्हास्टॅटिन १०, रात्री, जुलै २०१९ पासून". डोस बदलला की बदलल्याची तारीख लिहा. स्टॅटिनचा परिणाम साधारण चार ते सहा आठवड्यांत पूर्ण दिसतो, त्यामुळे गोळी बदलून दहाच दिवस झाले असतील तर त्या रिपोर्टवरून काही ठरवता येत नाही. तारीख असेल तरच हे कळतं. आणि चुकलेल्या गोळ्याही लिहा, न लाजता. "महिन्यात चार-पाच वेळा विसरलो" हे वाक्य डॉक्टरांना मिळालं नाही, तर ते विनाकारण डोस वाढवतील. थायरॉइडची गोळी, स्टेरॉइड, लघवी जास्त होण्याची गोळी हीही याच रकान्यात लिहा, कारण यांच्यामुळेही आकडे हलतात. थायरॉइड मंदावला असेल तर एलडीएल चढतं, म्हणून त्याच महिन्यात टीएसएच झाली असेल तर तीही शेजारी लिहून टाका.

नानांच्या जून २०२३ च्या कोड्याचं उत्तर याच रकान्यात होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघताना त्यांनी नव्वद गोळ्या नेल्या होत्या, आणि मुक्काम पाच महिन्यांचा ठरला होता. मेच्या पहिल्या आठवड्यात गोळ्या संपल्या. "आता आलोच परत, तिथे जाऊन घेईन" म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रक्त दिलं १२ जूनला. एलडीएल ३.९४, म्हणजे १५२, आणि २०१९ मध्ये गोळीविना होतं १५४. वजन तेव्हा ७८ किलो, आता ७७. खाण्यापिण्याने, बर्फाने किंवा वयाने काही बिघडलं नव्हतं. गोळी थांबली, आणि एलडीएल तिच्या आधीच्या जागी गेलं. त्या वहीच्या पानाचा फोटो आम्ही आमच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी डोस वाढवला नाही, तीच गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. सप्टेंबरमध्ये एकूण १६५, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १४५, एलडीएल ९३ (का).

वजन रक्त देण्याच्या दिवशीच, सकाळी, घरातल्या एकाच काट्यावर करा. दवाखान्यातलं वजन बुटांसकट असतं, ते या रकान्यात नको.

शेवटचा रकाना "काय बदललं" हा. त्याला सगळ्यात जास्त जागा द्या, निम्मं पान दिलं तरी हरकत नाही. तो रिपोर्ट येण्याआधी भरा. आकडा बघितल्यावर माणूस त्याला साजेसं कारण शोधतो, आणि मग वही निरुपयोगी होते. नवरात्रात नऊ रात्री गरबा, बरोबर उपासाचे तळलेले पदार्थ, उत्तरायणातला उंधियो आणि जिलेबी, बंद पडलेलं सकाळचं चालणं, दारू, बदललेलं तेल. आजारपण तर हमखास लिहा. तापात, डेंग्यूत किंवा मोठ्या ऑपरेशननंतर कोलेस्टेरॉल खाली येतं, आणि तो कमी आकडा बघून लोक खुश होतात. आजारातून पूर्ण बरं होऊन काही आठवडे गेल्यावर पुन्हा तपासा, आणि आजारातल्या ओळीवर कंस करून ठेवा, म्हणजे तुलनेत ती धरली जाणार नाही.

दोन ओळींची तुलना करताना एवढं ध्यानात ठेवा की काहीही न बदलताही एलडीएल दहाएक टक्के इकडे-तिकडे होतं, आणि ट्रायग्लिसराइड वीस-पंचवीस टक्केही. ९५ चं १०१ झालं तर त्यात शोधण्यासारखं काही नाही. ९५ चं १५२ झालं तर आहे. रिपोर्टवरच्या ठळक छापलेल्या खुणा वहीत उतरवू नका. त्या लॅबच्या ठरावीक मर्यादेवरून येतात, आणि ज्याला मधुमेह आहे किंवा हार्ट अटॅक येऊन गेला आहे त्याच्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा त्यापेक्षा बरीच खाली असते. ती मर्यादा डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर, तारखेसह, लिहा.

मूळ रिपोर्ट फेकू नका. काही लॅबचा कागद दोन-तीन वर्षांत पुसट होतो आणि मोबाइलवर आलेली लिंकही काही काळाने उघडत नाही, म्हणून रिपोर्ट आल्याच दिवशी फाइल उतरवून `2023-06-12_lipid.pdf` अशा नावाने ठेवा. वर्ष आधी असलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. जुने रिपोर्ट सापडत नसतील तर डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या बघा, त्यांवर बरेचदा एलडीएल लिहिलेलं असतं. नानांची २०१९ ची पहिली ओळ मला अशाच एका चिठ्ठीवरून मिळाली, औषधाच्या डब्याच्या तळाशी, चार घड्या घातलेली.