ताईच्या लग्नात शुभेच्छांचे दोन शब्द कसे बोलावेत

मित्रा, ताईच्या स्वागत समारंभात दोन शब्द बोलून सर्वांना कोकम सरबताचे पेले उंचावायला सांगण्याचे काम तुझ्याकडे आल्यापासून तुझी झोप उडाली आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून नेमके काय करायचे ते सविस्तर लिहितो.

प्रथम ताईच्या गुणांची यादी बाजूला ठेव. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ ही विशेषणे कोणत्याही नवरीला लागू पडतात. त्याऐवजी एकच प्रसंग निवड. परीक्षेला गुहागरला जाताना तुझे हॉल तिकीट घरी राहिले, आणि ताई पुढच्या फेरीबोटीने दाभोळहून धोपाव्याला आली, तो प्रसंग मला सर्वांत योग्य वाटतो. तो असा सांग: धक्क्यावर तू रडवेला उभा होतास, ताईने ओढणीत गुंडाळलेले हॉल तिकीट तुझ्या हातात दिले आणि एका शब्दानेही न रागावता, "आधी पाणी पी," एवढेच म्हणाली. ती प्रेमळ आहे हे मग तुला वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रसंगानंतर भावोजींकडे वळ. बहुतेकांचे भाषण इथेच फसते, कारण बोलणारा आपल्याच घरच्या आठवणींत रमतो आणि वरपक्ष परक्यासारखा ऐकत राहतो. "भावोजी, तुमची एखादी वस्तू घरी राहिली, तरी आता काळजी नाही," या एका वाक्याने दोन्ही घरे जोडली जातील. जुनी स्थळे, देण्याघेण्याच्या गोष्टी आणि फक्त भावंडांनाच कळणारे विनोद मात्र पूर्ण टाळ. शंका वाटली, तर ताईला न ओळखणाऱ्या कुणाला तरी मजकूर वाचून दाखव. त्याला मध्येच खुलासा विचारावा लागला, तर ते वाक्य काढून टाक.

सगळे मिळून तीन मिनिटे पुरेत, म्हणजे लिहून साधारण तीनशे शब्द. मोबाईलवर वेळ लावून उभ्याने, मोठ्याने म्हणून पाहा; मनातल्या मनात वाचल्यास वेळेचा अंदाज हमखास चुकतो. पहिले आणि शेवटचे वाक्य तेवढे पाठ कर, मधल्या भागासाठी जाड कार्डावर चार-पाच शब्द मोठ्या अक्षरांत लिही. पातळ कागद हाताच्या थरथरीने हलतो आणि ती थरथर पाहून आपणच अधिक घाबरतो.

पंगत बसण्यापूर्वीची वेळ सूत्रसंचालकाकडून आधीच ठरवून घे, कारण वाढप सुरू झाले की कोणाचेही लक्ष राहत नाही. माईक तोंडापासून चार बोटे दूर धर आणि स्पीकरच्या समोर उभा राहू नकोस, नाहीतर शिट्टी वाजेल. आवाज कापू लागला किंवा डोळे भरून आले, तर थांब, श्वास सावकाश बाहेर सोड आणि ताईकडे पाहून पुढचे वाक्य उचल. मांडवातल्या कोणालाही ते खटकणार नाही.

शेवटच्या वाक्याआधी सर्वांच्या हाती पेले आहेत का ते पाहा, मग आपला पेला उचलून दोघांची नावे घे आणि लगेच माईक सूत्रसंचालकाच्या हाती दे.