रक्ताच्या डायरीत ‘एक पिशवी’ एवढंच लिहू नका
थॅलेसेमिया असलेल्या मुलाला रक्त चढवलं की पिशवीवरचे मिलिलिटर, चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन आणि त्या दिवशीचं वजन डायरीत लिहा. एका मोठ्या पिशवीतून साधारण 200 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि शरीर दिवसाला जेमतेम 1 मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, हृदयात साचत जातं. फेरिटिनच्या तपासणीत त्याचा अंदाज येतो, पण तापातही फेरिटिन चढतं. आमच्या लेकीचं 1400 वरून एकदम 2300 झालं तेव्हा घाबरलोच होतो. डायरीत आदल्याच आठवड्याचा ताप लिहिलेला होता. डॉक्टरांनी लोह काढायच्या गोळ्यांचा डोस तसाच ठेवून महिन्याने पुन्हा तपासलं, 1500 आलं. या गोळ्या चुकल्या तर तेही लिहा, नाहीतर डोस उगाच वाढतो.