ठिसूळ हाडांच्या आईने अंथरुणातून कसं उठावं

पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या, हाडं ठिसूळ असलेल्या आईला सकाळी सरळ कमरेतून उठू देऊ नका. तसं वाकून उठताना मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि ठिसूळ मणका दबू शकतो. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकदम फिरवून कुशीवर वळायचं. मग पाय पलंगावरून खाली सोडता सोडता कोपराने, तळहाताने रेटा देऊन बसायचं. मिनिटभर थांबून मगच उभं राहायचं. गुडघ्यांत संधिवात असेल तर पलंग गुडघ्याहून जरा उंचच बरा. भरलेली बादली वाकून उचलणं मात्र बंद.

या वयात कॅल्शियम रोज सुमारे 1200 मिलिग्रॅम लागतं. कपभर दुधातून साधारण 240 मिळतं, नाचणीच्या भाकरीतून दीडेकशे. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी असेल तर ती जेवणाबरोबर घ्यावी. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी सहसा आठवड्याला एकच असते; आमच्या शेजारच्या काकू ती रोज घेत होत्या! पाठीत अचानक कळ आली किंवा उंची घटल्यासारखी वाटली, तर डॉक्टरांना सांगून मणक्याचा एक्स-रे काढा.