लांब केबल, बोथट आवाज: मल्टीमीटरच्या ६ किलोओहमने मला कसं फसवलं

गिटारची दुरुस्ती आणि वायरिंग शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहितेय. पिकप, पॉट, जॅक, कपॅसिटर हे तुमच्या ओळखीचे आहेत असं धरून चालते. लिहायचंय ते मुख्यतः एका चुकीबद्दल, कारण तिच्यापायी माझे चार महिने गेले आणि एक चांगला पिकप मी विनाकारण उपटून काढला.

घरी माझी सिंगल कॉइलची गिटार ३ मीटरच्या केबलवर छान खणखणीत वाजायची. एका कार्यक्रमासाठी १० मीटरची केबल लावली तर तीच गिटार घोंगडी पांघरून बोलल्यासारखी वाजायला लागली. आवाजाची पातळी कमी झाली नव्हती, पण पिकच्या फटक्याची धार गेली होती. अँपचा ट्रेबल पूर्ण चढवून पाहिला, तर खरखर वाढली आणि धार काही परत आली नाही.

मी पहिला संशय केबलवरच घेतला होता. पण मग कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि तिला निर्दोष ठरवून मोकळी झाले. मल्टीमीटर पिकपला लावला, ६ किलोओहम दिसले. केबलची दोन्ही टोकं मोकळी ठेवून टिप आणि स्लीव्हमधली कपॅसिटन्स मोजली, ती निघाली जवळपास १ नॅनोफॅरड, म्हणजे १००० पिकोफॅरड. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, गिटारच्या केबलला अगदी नेहमीचा आकडा. पिकपची स्वतःची आणि आतल्या वायरिंगची मिळून आणखी १०० धरली. रेझिस्टर आणि कपॅसिटरचा साधा लो-पास, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर, म्हणून हिशोब केला तर कटऑफ, म्हणजे कापणं जिथून सुरू होतं ती जागा, आला सुमारे २४ किलोहर्ट्झ. माणसाच्या कानाला २० च्या वरचं ऐकूच येत नाही आणि गिटारच्या स्पीकरचा दम ५-६ किलोहर्ट्झच्या आसपासच संपतो. म्हणजे केबलचा काहीच दोष नाही!

इथेच थांबा आणि हे नीट वाचा. गणितात चूक नव्हती. चूक होती पिकपला रेझिस्टर समजण्यात. मल्टीमीटर ओहम मोजताना डीसी सोडतो. त्याला दिसतो तो फक्त तांब्याच्या तारेचा रोध. पण ती तार चुंबकांभोवती हजारो वेढे घेऊन बसली आहे. डीसीला त्या वेढ्यांचं काही वाटत नाही, बदलत्या प्रवाहाला मात्र तेच वेढे आडवे येतात. हा अडथळा इंडक्टन्समुळे येतो, आणि फ्रिक्वेन्सी चढेल तसा तो वाढतो. माझा पिकप नंतर एलसीआर मीटरवर मोजला, तो निघाला २.४ हेन्री. या २.४ हेन्रीचा ५ किलोहर्ट्झला अडथळा होतो ७५ किलोओहम. मी हिशोबात धरले होते ६. ज्या जागी धार हरवत होती, तिथे माझा आकडा बारा पटींनी खोटा होता.

आणि प्रश्न निव्वळ मोठ्या आकड्याचाही नाही. कॉइल आणि कपॅसिटर एकत्र आले की रेझोनन्स होतो. झोपाळ्याचं उदाहरण घ्या. त्याच्या लयीत ढकललं की थोड्या जोरातही तो उंच जातो. लयीपेक्षा भरभर ढकललं तर जागच्या जागी थरथरतो. दोर लांब केला की लय सावकाश होते. इथे दोराचं काम कपॅसिटन्स करते, आणि केबल लांबवणं म्हणजे दोर सोडणं. सूत्र एवढंच, L म्हणजे इंडक्टन्स आणि C म्हणजे कपॅसिटन्स:

```
f = 1 / (2π√(LC))
```

३ मीटरच्या केबलवर एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरड, म्हणून रेझोनन्सचं शिखर येतं सुमारे ५.१ किलोहर्ट्झला. ६ मीटरवर ७०० पिकोफॅरड, शिखर ३.९ ला. १० मीटरवर ११००, शिखर ३.१ ला. शिखराच्या वर गेलं की दर सप्तकाला १२ डेसिबलने घसरण, म्हणजे साध्या आरसी फिल्टरच्या दुप्पट उतार. ट्रेबलचं बटण का हरलं ते आता कळलं असेल. कडा कोसळलाय तिथे दोन-चार पायऱ्या बांधून काय होणार?

आता एक गोष्ट जी बहुतेक जण सांगत नाहीत. लांब केबलने नुसता ट्रेबल जात नाही. शिखर खाली सरकतं आणि अधिक टोकदारही होतं. माझ्या गिटारमध्ये व्हॉल्यूम आणि टोनचे २५० किलोओहमचे दोन पॉट आणि अँपचा १ मेगाओहमचा इनपुट असा भार आहे. समांतर धरला तर सुमारे १११ किलोओहम. त्यावर हिशोब केला तर ३ किलोहर्ट्झला १० मीटरची केबल छोटीपेक्षा साडेतीन-चार डेसिबल जास्तच आवाज देते, आणि ५ किलोहर्ट्झला सात-आठ डेसिबल कमी. प्रत्यक्ष पिकपमध्ये धातूच्या भागांत भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि शिखर थोडं बसतं, त्यामुळे हे आकडे जरा मऊ करून घ्या. पण दिशा हीच. म्हणून लांब केबलवरची गिटार फक्त मंद वाटत नाही, थोडी नाकात बोलल्यासारखी वाटते. हे एकदा कानात बसलं की दुसऱ्याच्या गिटारवरही ओळखू येतं.

माझ्याकडे तेव्हा हे काहीच नव्हतं. होते ते एक ज्येष्ठ, ज्यांच्याकडे मी काम शिकत होते. मोठ्या मनाचा माणूस, कान सोन्याचे, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा संयम नाही. ते म्हणाले, ‘अगं, पिकपच मेलाय. हॉट पिकप टाक, आवाज फाडून बाहेर येईल.’ मी टाकला. हॉट म्हणजे जास्त वेढे, जास्त वेढे म्हणजे जास्त हेन्री. नवा निघाला ३.६ हेन्रीचा. त्याच १० मीटरवर शिखर आणखी घसरून अडीच किलोहर्ट्झवर आलं. आवाज मोठा झाला आणि अधिकच बोथट झाला. शेवटी वाटायला लागलं की माझे कानच गेलेत. तुम्हालाही तसं वाटत असेल तर कान शाबूत आहेत, खात्री बाळगा. कान बरोबर सांगत होते, मीच कागदावर जास्त विश्वास ठेवला.

सुटका झाली ती एका फुटकळ सिरॅमिक कपॅसिटरने. त्याच्यावर छापलेलं असतं 681, म्हणजे ६८ वर एक शून्य, ६८० पिकोफॅरड. जुना पिकप परत बसवला, जॅकप्लेट उघडली आणि कपॅसिटरचा एक पाय जॅकच्या टिपच्या पत्तीला, दुसरा स्लीव्हच्या पत्तीला डागला. मग ३ मीटरचीच केबल लावली आणि वाजवलं. तीच घोंगडी, तेच नाकातलं बोलणं! खोलीत लांब केबल नव्हतीच, होता फक्त ७ मीटर केबलइतका कपॅसिटर. एक पाय कापला, आवाज खुलला. परत जोडला, मिटला. मी हे पाच-सहा वेळा केलं, गरज नसताना. तुम्ही हा प्रयोग कराच. दहा व्हिडिओ पाहून जे पटत नाही ते यात दोन मिनिटांत पटतं.

केबलच्या जाहिरातींबद्दल माझं मत कडू आहे, तरी सांगते. सोन्याचा मुलामा, शुद्ध तांबं वगैरेंचा या प्रश्नाशी संबंध नाही. केबलचा रोध एखाद-दुसरा ओहम. समोर हजारो ओहमचा पिकप. विचारायचं ते एकच, मीटरला किती पिकोफॅरड? पॅकेटवर लिहिलं नसेल तर नॅनोफॅरडची रेंज असलेला मल्टीमीटर लावून स्वतः मोजा. बीप वाजवणारा टेस्टर केबल तुटली आहे का एवढंच सांगतो. माझ्या केबलला तो शेवटपर्यंत ‘ठीक’ म्हणत राहिला.

पेडलबोर्ड असेल तर आणखी सावध राहा. सगळे पेडल ट्रू बायपास असतील, म्हणजे बंद असताना सिग्नल तसाच थेट पुढे सोडणारे, आणि सगळे बंद असतील, तर गिटारपासून बोर्डापर्यंतची ६ मीटर, मधले पॅच आणि बोर्डापासून अँपपर्यंतची ६ मीटर, सगळ्याची बेरीज पिकपच्या गळ्यात पडते. ओळखायची खूण सोपी आहे. कुठलाही बूस्ट किंवा डिले नुसता ऑन केल्यावर आवाज उजळला, तर दोष त्या पुढच्या केबलचा होता. ऑन झालेला पेडल बफरचं काम करतो आणि त्याच्या पुढची केबल पिकपला दिसेनाशी होते. बफरचा आउटपुट १ किलोओहमचा धरला, तरी १००० पिकोफॅरडच्या केबलवर कटऑफ जातो १५९ किलोहर्ट्झवर. तिथे साधा आरसीचा हिशोब खरोखर लागू पडतो, कारण कॉइल मागे राहिली.

पण बफर लावायचा कुठे, यातही मी एकदा पडले. अँपच्या तोंडाशी लावला, लांब केबलच्या दुसऱ्या टोकाला. काहीही फरक पडला नाही, पडणारच नव्हता. केबल अजून पिकपलाच जोडलेली होती. बफर गिटारच्या बाजूला हवा, आणि त्याच्याआधी केबल छोटी. जुन्या धाटणीचा जर्मेनियम फझ असेल तर तो मात्र बफरच्या आधी ठेवा. त्याला पिकपशी थेट बोलायचं असतं, मध्ये बफर आला की तो चिरका होतो आणि व्हॉल्यूम उतरवल्यावर नीट निवळत नाही. अॅक्टिव्ह पिकपवाल्यांनी यातलं काही मनावर घेऊ नये, त्यांचा बफर गिटारमध्येच असतो.

व्हॉल्यूमचं बटण उतरवल्यावर धार जाते, तो वेगळा हिशोब. २५० किलोओहमचा पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर आला की केबलच्या मागे सुमारे ६३ किलोओहम उभे राहतात, आणि १००० पिकोफॅरडसमोर कटऑफ येतो अडीच किलोहर्ट्झच्या आसपास. त्यावर पॉटला एक छोटा कपॅसिटर, म्हणजे ट्रेबल ब्लीड, लावतात. पण आधी केबल सोडवा, मग हा.

गेल्या वर्षी मी वायरलेस घेतलं. गिटारपासून ट्रान्समीटरपर्यंत जेमतेम वीतभर तार, म्हणजे कपॅसिटन्स जवळजवळ नाहीच. आवाज इतका उघडा आणि टोचरा आला की मला माझीच गिटार ओळखू येईना. डबा धुंडाळला, तोच 681 सापडला, पाय जरा आखूड झालेले. पूर्ण ६८० जास्त वाटले म्हणून शेवटी ३३० चा जॅकवर डागला. तो अजून तिथेच आहे.