सळई कापण्याच्या गणितात आतला लूप सुलटा का फिरतो

प्रत्येक वस्तू एकदाच घ्यायचं झिरो-वन नॅपसॅक येतं आणि सळई कापून जास्तीत जास्त भाव मिळवायचं रॉड कटिंग चुकतं, अशी गत झाली असेल तर आधी आतल्या लूपची दिशा तपासा. कोड चालतो, एरर येत नाही, फक्त उत्तर कमी येतं. म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातली ४ मीटरची सळई घ्या. १, २, ३, ४ मीटरच्या तुकड्यांना अनुक्रमे २, ५, ७, ८ असा भाव धरू. दोन-दोन मीटरचे दोन तुकडे केले की १० मिळतात. एकदा २ मीटरचा तुकडा कापला म्हणून दुसरा कापायला कुणी अडवत नाही. एकाच मापाचा तुकडा हवा तितक्या वेळा घेता येतो, म्हणून हे अनबाउंडेड नॅपसॅक. खाली `n` म्हणजे सळईची लांबी, `p` म्हणजे भावांची यादी आणि `dp[w]` म्हणजे `w` मीटर सळईचा जास्तीत जास्त भाव.

```python
dp = [0] * (n + 1)
for i in range(1, n + 1):
    for w in range(i, n + 1):
        dp[w] = max(dp[w], dp[w-i] + p[i-1])
```

१ मीटरची फेरी संपते तेव्हा `dp` असतो ० २ ४ ६ ८. मग २ मीटरची फेरी. आधी `dp[2]` चे ५ होतात. त्यानंतर `dp[4]` त्याच `dp[2]` कडे बघतो, त्यात २ मीटरचा एक तुकडा आधीच बसलेला असतो, आणि ५ + ५ = १० होतात. डावीकडचा खण याच फेरीत बदललेला आहे, आणि आपल्याला तोच हवा आहे.

आता आतला लूप `range(n, i-1, -1)` असा उलटा करा. पहिल्या फेरीनंतर ० २ २ २ २. दुसऱ्या फेरीत `dp[4]` चा नंबर आधी लागतो. तेव्हा `dp[2]` मध्ये जुनेच २ असतात, म्हणून ७ येतात. पुढे ३ मीटरच्या फेरीत १ + ३ जुळून ९ होतात आणि उत्तर तिथेच अडकतं. प्रत्येक माप एकदाच वापरलं गेलं. झिरो-वनला नेमकं हेच हवं असतं, म्हणून तिथे लूप उलटा.

‘नॅपसॅक म्हणजे उलटा लूप’ असं पाठ करून घेणाऱ्या क्लासचा मला राग येतो. एवढंच विचारा: `dp[w-i]` या फेरीतला हवा की मागच्या?

सळईच्या निम्म्याहून मोठा तुकडा दोनदा बसतच नाही, त्यामुळे त्याच्या फेरीत दिशेने काहीच फरक पडत नाही. म्हणून १, ५, ८ भाव आणि ३ मीटर सळई अशा टेस्टमध्ये चुकीचा कोडही ८ देऊन पास होतो. त्यापेक्षा २ मीटर सळई आणि ३, ४ भाव देऊन बघा. बरोबर कोड ६ देतो, उलटा ४.

बाहेर लांबी आणि आत तुकडे असे लूप अदलाबदल केले तर रॉड कटिंग तरीही बरोबर येतं, फक्त लांबी चढत्या क्रमाने हवी. त्यामुळे घाबरू नका. मात्र तीच अदलाबदल एका ओळीच्या `dp` वर झिरो-वनमध्ये कराल, तर एकच वस्तू पुन्हा पुन्हा उचलली जाईल.